तिसरा रकाना

रानडे इन्स्टिट्यूटमधल्या संध्याकाळच्या वर्गात जर्मनच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला वहीत तीन रकाने आखायला लावले. पहिल्या रकान्यात डेर, दी किंवा दास, म्हणजे शब्द पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी ते. दुसऱ्यात शब्द आणि तिसऱ्यात त्याचं अनेकवचन. "तिन्ही भरले तरच शब्द तुमचा," असं त्या म्हणायच्या. मी कारखान्यातली पाळी संपवून सायकल मारत वर्गाला यायचो आणि दोन रकाने भरेपर्यंतच डोळे मिटायला लागायचे. इंग्रजीत शेवटी एस लावला की काम होतं, तसं इथेही काहीतरी लावू, असा माझा हिशेब होता. ती वही अजून आहे. तिसरा रकाना पहिली चाळीस पानं कोरा आहे.

त्याची किंमत मोजली १९८७ साली, श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेलो होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी स्टोअरच्या खिडकीवर उभं राहून एम ८ चे वीस नट मागायचे होते. नटला जर्मनमध्ये मुटर म्हणतात, आणि आईलाही मुटर. आईचं अनेकवचन म्यूटर, उ चा यू होतो, एवढं मला कुठूनसं माहीत होतं. मी ठणठणीत आवाजात वीस म्यूटर मागितल्या. खिडकीमागच्या पिकल्या मिशांच्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "वीस आया? मला तर एकच पुरून उरली." नटांचं अनेकवचन मुटर्न. स्वर जागचा हलत नाही, शेवटी फक्त न लागतो. एकच शब्द, एकच लिंग, पण लोखंडाच्या मुटरला एक शेपूट आणि घरच्या मुटरला दुसरं.

हा माणूस मुळात चांगला. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला सुट्या भागांची यादी समोर ठेवून बसवलं. माझं जर्मन अनेकवचनाचं खरं शिक्षण त्या तेलकट कागदावर झालं. त्याची पद्धत अशी: शब्द बघायचा नाही, आधी लिंग विचारायचं. मग शब्दाचं शेवटचं टोक बघायचं. तिसरं काही बघायचं नाही.

यादीत पहिलं होतं डिश्टुंग, म्हणजे सील. उंग हे टोक असलं की शब्द स्त्रीलिंगी, आणि स्त्रीलिंगी शब्दाला पहिला अंदाज नेहमी न किंवा एन. डिश्टुंगेन. खाली वेले, म्हणजे शाफ्ट. स्त्रीलिंगी आणि शेवटी ए, मग नुसता न, वेलेन. हा शेवटचा ए मी देवनागरीत लिहितोय खरा, पण जर्मन तोंडात तो अर्धवट अ सारखाच ऐकू येतो. फेडर म्हणजे स्प्रिंग, स्त्रीलिंगी, म्हणून फेडर्न. पुढे हेबेल, म्हणजे लिव्हर. हा पुल्लिंगी. पुल्लिंगी किंवा नपुंसक शब्द एल, एर, एन यांवर संपला की शेवटी काहीच लागत नाही. एक हेबेल, दहा हेबेल. बेअरिंगला लागर, नपुंसक. एक लागर, शंभर लागर. मला हे ऐकून बरं वाटलं, कारण आपलाही एक उंदीर आणि दहा उंदीर असतात.

"मग एक की शंभर हे कळायचं कसं?" मी विचारलं. त्याने दोन गोष्टी दाखवल्या. अनेकवचनात डेर आणि दास दोन्ही जाऊन दी येतो, म्हणून दास लागर एक आणि दी लागर अनेक. दुसरं म्हणजे 'च्यासह', 'मध्ये' अशा अर्थाच्या शब्दांमागे चतुर्थीचं अनेकवचन आलं की शब्दाला न चिकटतो: मिट डेन लागर्न. लपलेलं अनेकवचन तिथे पकडलं जातं.

मग आला त्सानराट, म्हणजे गिअर. त्सान म्हणजे दात, राट म्हणजे चाक. मी दातांचं अनेकवचन करायला निघालो. त्याने पेन्सिलीने त्सान खोडून टाकला. जोडशब्दात लिंगही शेवटच्या तुकड्याचं आणि अनेकवचनही. जर्मन शब्द आगगाडीएवढा लांब असला तरी शेवटचा डबा तेवढा बघायचा. राट नपुंसक, त्याचं रेडर, म्हणून त्सानरेडर.

इथे मात्र त्याची पद्धत अडली. राटचं रेडर का, राटे का नाही? नपुंसकच असलेल्या यारचं, म्हणजे वर्षाचं, यारे होतं. तो खांदे उडवून म्हणाला, "ते तसंच आहे." एका अवयवाच्या जुन्या शब्दांपाशी अंदाज लंगडा पडतो, हे मी पुढच्या महिन्यांत अनुभवाने शिकलो. पुल्लिंगी असला तर ए लावून बघायचं: टाग-टागे, हुंट-हुंडे. पण स्वर बदलेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. झाडाचं, बाउमचं, बॉयमे होतं आणि कुत्र्याचं, हुंटचं, काही केल्या ह्यूंडे होत नाही. स्त्रीलिंगी शब्दांतही हात, रात्र, शहर, उंदीर, गाय, भिंत असे रोजच्या वापरातले छोटे शब्द एनचा नियम मोडतात आणि स्वर बदलून ए घेतात: हांट-हेंडे, नाख्ट-नेश्टे. नियम मोडणारे शब्द थोडे, पण तेच दिवसातून पन्नासदा लागणारे. कमी वापरातल्या शब्दाची चूक भाषा हळूहळू दुरुस्त करून घेते. तोंडात सतत असलेला शब्द आपली जुनी खोड सांभाळून राहतो.

रेडरचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी झाला, आणि तो संस्कृतमार्गे. मी उतरलो होतो त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंच्या परसात कोंबड्या होत्या. सकाळी त्या मला हाताने दाखवून शिकवायच्या: हून-ह्यूनर म्हणजे कोंबड्या, आय-आयर म्हणजे अंडी. शेजारच्या शेतावर काल्प-केल्बर म्हणजे वासरं, लाम-लेमर म्हणजे कोकरं. सगळं गोठ्यातलं आणि खुराड्यातलं, सगळं नपुंसक आणि सगळ्यांना एर. तेव्हा मी ते नुसतं पाठ केलं. नंतर एका भाषेतिहासाच्या पुस्तकात वाचलं की हा एर मुळात अनेकवचनाचा नव्हताच. आपल्याकडे मनस्, तपस् असे नपुंसक शब्द आहेत, त्यांतल्या शेवटच्या अस् चा हा लांबचा भाऊ. लॅटिनमध्ये तोच स् दोन स्वरांमध्ये र झाला, जेनुसचं जेनेरिस. जर्मनच्या पूर्वजांतही त्याचा र झाला. जुन्या जर्मनमध्ये एक कोकरू लांब आणि अनेक लेंबिर. एकवचनातलं शेपूट झिजून गेलं, अनेकवचनात तेवढं टिकलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, इर म्हणजेच अनेक. त्या इरमधल्या इ ने आधीच्या आ ला स्वतःकडे ओढलं, म्हणून लांचं लें झालं. स्वर बदलण्याची सगळी भानगड बहुतांशी अशाच एखाद्या इ ची करणी आहे. इ पुढे झिजून ए झाला, पण ओढलेला स्वर परत गेला नाही.

सुरुवातीला हे शेपूट मूठभर शब्दांना होतं. नंतर ते पसरलं. घर, पुस्तक, मूल, चाक यांनी ते उचललं: हॉयझर, ब्यूशर, किंडर, रेडर. मग मान आणि वाल्ट, माणूस आणि जंगल, हे पुल्लिंगीही त्यात शिरले. स्त्रीलिंगी शब्द मात्र एकही शिरला नाही. त्यातून एक पक्का ठोकताळा हाती लागतो: स्त्रीलिंगी असेल तर एर लावूच नका. आणि एर लावलात तर स्वर बदला. बदलता येण्यासारखा स्वर असला की तो बदलतोच.

इंग्रजीतून आणलेला माझा एस अगदीच वाया गेला नाही. ए सोडून दुसऱ्या स्वरावर संपणाऱ्या, बाहेरून आलेल्या किंवा लाडाच्या शब्दांना तो लागतो: आउटोस, होटेल्स, आज्यांना ओमास. फसवणारे इथेही आहेत. फिर्मा म्हणजे कंपनी, तिचं फिर्मास नाही होत. शेवटचा आ गळून फिर्मेन होतं. आडनावांना मात्र एस हमखास. टोमास मानच्या १९०१ सालच्या कादंबरीचं नावच 'बुडनब्रोक्स' आहे, म्हणजे बुडनब्रोक मंडळी. पुढे मुलगा तिकडे शिकायला गेला, तिथेच लग्न केलं, आणि व्याह्यांच्या पहिल्या पत्रात आम्ही सगळे 'दी कुलकर्णीस' होतो.

सून मराठी शिकली ती आमच्या पुण्याच्या घरात, दर डिसेंबरात थोडी थोडी. दोन वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसली होती. तीन रकाने आखलेले. मी काही न बोलता बघत राहिलो.

"बाबा, वीट-विटा?"

"हो."

"मग भिंत-भिंता."

"नाही, भिंती."

"दोन्ही स्त्रीलिंगी. दोन्ही शेवटी सारखे."

"सारखे आहेत खरे."

"मग अंदाज कशावरून करायचा?"

मला उत्तर सुचेना. चिंच-चिंचा, चूल-चुली, जीभ-जिभा, वेल-वेली. साठ वर्षं हे शब्द बिनचूक वापरले आणि त्यात काही कोडं आहे हे ध्यानातही आलं नव्हतं. आमच्या शाळेत असं कोणी विचारत नसे. मी तिला स्टोअरवाल्याचंच उत्तर दिलं, की ते तसंच आहे. तिला ते पटलं नाही. माळ घेऊन आली. माळावरचा माळ पुल्लिंगी, अनेक असले तरी माळच. फुलांची माळ स्त्रीलिंगी, तिच्या माळा. हे तिला एकदम आवडलं, कारण इथे निदान लिंग विचारलं की उत्तर मिळत होतं.

मग तिने पेन खाली ठेवलं. "सून-सुना. मग बहीण-बहिणा का नाही?"

मी म्हटलं, तुमच्याकडे मुटरचं म्यूटर आणि टोख्टरचं ट्योश्टर होतं, नुसता स्वर बदलून. अख्ख्या भाषेत असे स्त्रीलिंगी शब्द हे दोनच, आई आणि मुलगी. मग श्वेस्टर, म्हणजे बहीण, तिने काय घोडं मारलं होतं? तिचं श्वेस्टर्न का?

ती बराच वेळ तोंडातल्या तोंडात दोन्ही म्हणून बघत होती. तिने हे कधी ऐकलंच नव्हतं, म्हणजे रोज बोलत होती, पण ऐकलं नव्हतं. मग तिने वहीत बहीण लिहिलं, तिसऱ्या रकान्यात बहिणी लिहिलं आणि समोर कंसात श्वेस्टर्न.