कागद काढून घेतल्यावर

लेखक-परिचय म्हणजे नोंद, असं मी बरीच वर्षं मानत आलो. शिक्षण, नोकरी, लेखन, पुरस्कार, सगळं क्रमानं आणि काही न गाळता. शाळेत असताना पाहुण्यांचे परिचय मीच लिहायचो. पुढे वसईतल्या आमच्या गासच्या आसपास कुणाचं पुस्तक निघालं, चर्चच्या सणाची स्मरणिका निघाली, की मलपृष्ठावरचा किंवा मागच्या पानावरचा मजकूर माझ्याकडे यायचा. मजकूर झाला की तो त्या माणसाच्या घरच्यांना दाखवायचा आणि ‘काही राहिलं का?’ विचारायचं, ही माझी तपासणी. काही ना काही राहिलेलं असायचंच. मी ते घालायचो.

माझं स्वतःचं पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकांनी चाळीसेक शब्दांत परिचय मागितला. पुस्तक वसईतल्या बावखलांवर आहे. बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना गोडं पाणी पुरवतं. आता जागेला भाव आला आणि एकेक बावखल मातीनं बुजत चाललं. माझी पुतणी मुंबईत एका कार्यालयात जाहिरातींचे मजकूर तपासते. ती म्हणाली, “काका, घरच्यांना कशाला विचारताय? त्यांना तुम्ही पाठ आहात. ज्याला तुम्ही माहीतच नाही त्याला एकदा वाचायला द्या, कागद काढून घ्या आणि काय आठवतंय ते विचारा.”

मला ते पटलं नाही. साबण विकायला ही रीत ठीक. माणसाचा परिचय लक्षात राहिला नाही म्हणून खोटा ठरतो का? शिवाय अनोळखी माणसाच्या विसरभोळेपणाची जबाबदारी मी का घ्यावी? हे सगळं मी तिला ऐकवलं. तिनं वाद घातला नाही, फक्त कागदाची प्रत मागून घेतली.

पहिली अडचण अगदी गावठी होती. गासमध्ये अनोळखी माणूस मिळणं कठीण. वाडीतून चर्चपर्यंत चालत गेलात तरी वाटेत भेटेल तो तुमच्या आजोबांचं नाव सांगेल. त्यामुळे आम्ही नालासोपाऱ्याला गेलो, एका दवाखान्यात. तिथं बसलेल्यांना वेळ असतो आणि वाचायला हाताशी काही नसतं. लोकलमध्ये जमलं नसतं. विरार गाडीत कागद उघडायला जागा लागते, आणि ती कुणाकडे नसते.

पुतणीनं दोन अटी घातल्या होत्या. एक, मी समोर बसायचं नाही. लेखक शेजारी आहे हे कळलं की माणूस आठवण सांगत नाही, कौतुक करतो. मी दाराजवळच्या बाकावर रुग्णासारखा बसलो. दुसरी, वाचून झाल्याबरोबर विचारायचं नाही. ती कागद घेऊन पर्समध्ये टाकायची आणि गाड्या उशिरा धावतात, पाणी एक दिवसाआड येतं, असल्या गप्पा काढायची. हे काही तिच्या मनातलं नव्हे. 1966 मध्ये ग्लॅन्झर आणि क्युनिट्झ या अमेरिकी संशोधकांनी लोकांना शब्दांच्या याद्या दिल्या होत्या. लगेच विचारलं तर यादीच्या शेवटचे शब्द छान आठवत. पण मध्ये 30 सेकंद मोजायला लावलं की शेवटच्या शब्दांचा तो फायदा नाहीसा होई. पुस्तक चाळणारा माणूस तर मागचं पान वाचतो, पुस्तक खाली ठेवतो, दुसरं उचलतो. त्या मधल्या वेळानंतर काय उरतं तेवढंच पाहायचं.

प्रश्नही ठरलेला होता: “तुम्ही आत्ता ज्यांच्याबद्दल वाचलंत, त्यांच्याविषयी काय आठवतंय?” ‘आवडलं का?’ नाही, ‘कळलं का?’ नाही, आणि अडखळले तर आपण शब्द पुरवायचा नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं.

माझा मजकूर असा होता: “गास (ता. वसई) येथील रहिवासी. एम. ए., बी. एड. माध्यमिक शाळेत मराठीचे अध्यापन. विविध नियतकालिकांतून ललित व वैचारिक लेखन. आकाशवाणीवर कार्यक्रम. अनेक सामाजिक संस्थांशी निगडित. बावखलांचा अभ्यास. बालपणी वडिलांसोबत पहाटेच्या गाडीने मोगऱ्याच्या टोपल्या दादरला नेल्या. वाचन व प्रवास हे छंद.” वर अर्थात माझं नाव, आडनावासकट.

पहिल्या बाई म्हणाल्या, “प्राध्यापक आहेत. वसईचे. आणि फुलं विकायचे.” एक तरुण म्हणाला, “टीव्हीवर कार्यक्रम करतात ते.” एका गृहस्थांनी थोडा विचार करून सांगितलं, “ख्रिश्चन आहेत, पण मराठीत लिहितात.” आणखी कुणाला फुलं आठवली, कुणाला शिक्षक, एकाला फक्त ‘लहानपणी गरिबी होती’ एवढंच. गरिबीचा शब्दही मी लिहिला नव्हता. बावखल कुणाच्याच तोंडी आलं नाही. ज्या विषयावर पुस्तक, तो विषय चाळीस शब्दांत कुठेतरी बुडाला होता.

विसरणं मला अपेक्षित होतं. बदलणं नव्हतं. मी माध्यमिक शिक्षक, प्राध्यापक नव्हे. आकाशवाणी म्हणजे टीव्ही नव्हे. माझ्या मजकुरात एकही चूक नव्हती आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन गेल्या होत्या. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं आहे. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली. डोंगी या अर्थाचा शब्द आठवणीत साधी ‘बोट’ झाला, सील मारायला निघालेली माणसं मासेमारीला निघाली. अनोळखी गोष्ट माणूस टाकून देत नाही, ती आपल्या घरातल्या गोष्टीशी बदलून घेतो. गासचं ‘वसई’ झालं ते त्याच वाटेनं. ‘अध्यापन’ हा जड शब्द वापरून मी स्वतःच वाचणाऱ्याला कॉलेजच्या दारात नेऊन सोडलं होतं. ‘शाळेत शिकवलं’ म्हटलं असतं तर मी शाळेतच राहिलो असतो.

माझं मत इथे फिरलं. नोंद खरी असणं म्हणजे कागदावर खरी असणं, असं मी धरून चाललो होतो. वाचणाऱ्याकडे ती खोटी होऊन पोचत असेल तर माझ्या अचूकपणाला फक्त माझ्या फायलीत किंमत आहे.

तरीही फुलांचं वाक्य मी सोडायला तयार नव्हतो. ते माझं लाडकं. काळोखात गाडी पकडायची, ओल्या फडक्याखाली मोगरा, डब्यात सगळीकडे तो वास. दुसऱ्या मसुद्यात मी पदव्या आणि छंद काढले, फुलं वर आणली आणि बावखल खाली ठेवलं. नवी माणसं हवी होती, कारण एकदा वाचलेला माणूस दुसऱ्यांदा अनोळखी राहत नाही. म्हणून पुतणी दुसऱ्या दवाखान्यात गेली. सगळ्यांना फुलं आठवली. ‘पुस्तक कशावर असेल?’ या तिच्या शेवटच्या प्रश्नाला जवळपास सगळ्यांचं उत्तर ‘फुलशेतीवर’. ठसठशीत तपशील शेजारच्या तपशिलाला खातो, हे मी शाळेत मुलांचे निबंध तपासताना कितीदा तरी पाहिलं होतं. स्वतःच्या परिचयात ते दिसायला परकी माणसं लागली.

तिसऱ्या वेळी फुलं गेली. मजकूर असा झाला: “गासला राहतात. वसईत वाडीवाडीला बावखल असायचं, पावसाचं पाणी धरणारं छोटं तळं. कुठलं बावखल कधी बुजवलं याची नोंद ते वहीत ठेवतात. शाळेत मराठी शिकवत असत.” शब्द बरेच कमी. या वेळी उत्तरं आली: “तळी बुजवतात त्यावर लिहिलंय.” “मास्तर आहेत, तळ्यांची यादी करतात.” “वही ठेवतात ते.” बावखल हा शब्द नेमका फारसा कुणाला आला नाही, पण तळं, बुजणं आणि वही राहिली. विशेष म्हणजे ज्यांना शाळा आठवली ते सगळे मला मास्तरच म्हणाले.

आता एक गोष्ट अजून टोचते, आणि तिथे ही तपासणी मला पुरत नाही. आडनाव. तिन्ही मसुद्यांत कुणी ना कुणी ‘ख्रिश्चन असून मराठी’ हे आठवलंच. आमच्याकडे घरात कादोडी बोलतात, शाळेत, देवळात आणि पत्रात मराठी; आम्हाला त्यात सांगण्यासारखं काही दिसत नाही. पण बाहेरच्याला तेच सगळ्यात ठळक दिसतं. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक वर्षानुवर्षे चालवलं, ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हरित वसईच्या चळवळीत ते पुढे होते. निवड झाल्यावर विरोध झाला तो मात्र ते धर्मगुरू आहेत या एका गोष्टीवर. इतकं काम असलेल्या माणसाचं असं होतं, तर चाळीस शब्दांच्या मास्तराचं काय!

पुतणीच्या पद्धतीनं पाहिलं तर उपाय सोपा होता: आडनाव लहान टाइपात, किंवा नुसती आद्याक्षरं. ते मी केलं नाही. उलट बाजूनं, ‘मराठी ही आमचीच भाषा’ असं एक वाक्य घालावं असंही मनात आलं होतं. तेही घातलं नाही, कारण मग लोकांना तेवढंच आठवलं असतं आणि बावखल पुन्हा बुडालं असतं. लोकांना काय आठवतं ते ही रीत सांगते. त्यातलं काय राहू द्यायचं हे मीच ठरवायचं.

ही रीत लागू केली तर आमच्या गावच्या चर्चचे संत गोन्सालो गार्सिया यांचं काय उरतं, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे. आम्हा सगळ्यांना पाठ असतं ते एवढंच: वसईत जन्म, जपानात नागासाकीला 5 फेब्रुवारी 1597 रोजी क्रुसावर मरण, 1862 मध्ये संतपद. ते आधी व्यापारी होते आणि नंतर फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांबरोबर जपानी भाषा येणारे दुभाषी म्हणून गेले, ही गोष्ट मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळली. क्रूस इतका ठळक आहे की दुभाषी त्याच्या सावलीत गेला. स्मरणिकेसाठी त्यांच्यावर पुन्हा काही लिहायची वेळ आली तर पहिल्या वाक्यात मी दुभाषी घालीन आणि मग नालासोपाऱ्याला जाऊन बसेन.

काढलेल्या पदव्या, आकाशवाणी आणि संस्था मी फेकल्या नाहीत. पुरस्काराच्या, अनुदानाच्या अर्जाला लांबलचक परिचयच लागतो; तिथे वाचणारा माणूस कागद समोर ठेवून रकाने भरतो, त्याला आठवायचं काही नसतं. व्यासपीठावर मात्र परिचय ऐकला जातो, तोही ध्वनिवर्धक खरखरत असताना. त्यासाठी वाचून दाखवायचा वेगळा मसुदा लागेल. पुतणी म्हणते की तो तिनं बोलून दाखवायचा आणि मी तेव्हाही दाराजवळच्या बाकावरच बसायचं.