वीस सेकंदात महाड : एका भाषणाची आखणी

आपल्या कार्यक्रमांत भाषणे लांबतात, हे आम्ही आधीच कबूल करतो. पहिला वक्ता पंचेचाळीस मिनिटे घेतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि ज्या तरुणाला बोलायला बोलावलेले असते त्याच्या हाती माईक येतो तेव्हा मंडपात खुर्च्या गोळा करणारे उरलेले असतात. म्हणून यंदा २० मार्चच्या कार्यक्रमात तरुणांसाठी 'पेचाकुचा' पद्धतीचे एक सत्र ठेवायचे ठरले आणि त्यातले महाडवरचे भाषण आम्हा तिघांकडे आले.

ही पद्धत जपानमधली. २००३ साली टोकियोत अ‍ॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथम या दोन वास्तुविशारदांनी ती सुरू केली. जपानी भाषेत पेचाकुचा म्हणजे गप्पा, बडबड. नियम एकच. वीस स्लाइड, प्रत्येक वीस सेकंद, आणि स्लाइड आपोआप पुढे जाते. एकूण चारशे सेकंद, म्हणजे सहा मिनिटे चाळीस सेकंद. वक्त्याच्या हातात रिमोट नाही, 'मागची स्लाइड दाखवा' म्हणायची सोय नाही.

हे ऐकून आमच्या वस्तीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडले. "सहा मिनिटांत महाड? अरे, आम्ही या विषयावर रात्र रात्र बोललोय. ही थट्टा आहे." आम्ही म्हणालो, "काका, तुम्ही रात्रभर बोलता तेव्हा १९३७ पर्यंत पोहोचता का?" ते गप्प झाले. आम्हीही गप्प झालो, कारण आमच्या पहिल्या आराखड्यातही १९३७ नव्हते.

पहिला आराखडा असा होता. एक शीर्षकाची स्लाइड, एक बाबासाहेबांच्या फोटोची, एक आयोजकांच्या आभाराची. त्यानंतर अकरा स्लाइड २० मार्चच्या दिवसाच्या. मग मनुस्मृतीदहन. आणि शेवटी एक स्लाइड, 'पुढे न्यायालयातही आपण जिंकलो'. वीस कागदी चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या तेव्हा चूक डोळ्यांना दिसली. एका दिवसाला अकरा चिठ्ठ्या आणि दहा वर्षांच्या लढ्याला एक. लांब भाषणात हा तोल बिघडलेला कुणाला कळत नाही. इथे प्रत्येक चिठ्ठी सारख्याच वजनाची असल्यामुळे तो लपत नाही.

मग आम्ही एक वाक्य लिहिले आणि भिंतीवर लावले : 'ठराव झाला १९२३ ला, पाण्याला हात लागला १९२७ ला, हक्क सिद्ध झाला १९३७ ला.' या वाक्याला जी स्लाइड काही देत नाही ती काढायची. शीर्षक गेले, कारण विषयाचे नाव सूत्रसंचालक सांगतोच. आभार गेले. उपस्थितांचा आकडाही गेला. वेगवेगळ्या पुस्तकांत तो वेगवेगळा आहे, आणि वीस सेकंदात त्याचा वाद सोडवता येत नाही.

शब्दांचा हिशेब त्यानंतर केला. आम्ही मोबाइलवर स्वतःचे बोलणे लावून मोजले. सभेत समजेल अशा गतीने आमचे मराठी सेकंदाला साधारण दोन शब्द जाते, म्हणजे वीस सेकंदात चाळीस. त्यात श्वास घ्यायला आणि नवी स्लाइड डोळ्यांत भरायला तीनचार सेकंद सोडले की उरतात बत्तीस ते चौतीस. साल कागदावर एक शब्द दिसते, पण 'एकोणीसशे सत्तावीस' तोंडाने दोन शब्दांचा वेळ खाते. तिसऱ्या स्लाइडचा आमचा मजकूर शेवटी असा झाला :

'१९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो मान्य केला. कागदावर चवदार तळे त्या दिवसापासून आपले होते.'

एवढेच. बोले यांचे चरित्र नाही, ठरावाची कलमे नाहीत. ज्याला हवे तो नंतर विचारील.

आता वीस चिठ्ठ्यांची नवी मांडणी. पहिल्या स्लाइडवर आजचे चवदार तळे. दुसरीवर तेच पाणी, आणि प्रश्न : तिथे कोण जाऊ शकत होते? इतर धर्मीय जाऊ शकत होते, जनावरे पाणी पिऊ शकत होती, आपण नाही. तिसरी ठरावाची. चौथी पूर्ण काळी. ठराव आहे आणि पाणी नाही, ही तीन वर्षे त्या काळ्या पडद्यावर सांगायची. पाचवी स्थानिक तयारीची : रा. बा. मोरे, सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे. ही नावे गाळली तर महाड हा एका माणसाचा चमत्कार वाटतो, आणि चमत्काराची पुनरावृत्ती करायला कोणी उठत नाही. सहावी १९ मार्चच्या परिषदेची.

सातवी आणि आठवी स्लाइड एकच आहे. २० मार्चचा मोर्चा आणि तळ्यावर ओंजळीत घेतलेले पाणी. तेच चित्र दोनदा ठेवले की चाळीस सेकंद मिळतात आणि पडदा हलत नाही. संपूर्ण भाषणात ही सवलत एकदाच घेतली. इथे आमच्यात वाद झाला तो चित्राचा. या प्रसंगाची जी चित्रे घरोघरी लागलेली आहेत ती चित्रकारांनी मनाने काढलेली आहेत. म्हणून कोपऱ्यात 'चित्रकाराची कल्पना' असे लिहायचे ठरले. समोरचा विरोधक नेमके अशाच ठिकाणी बोट ठेवतो आणि मग खऱ्या गोष्टींवरही शंका घेतो.

नववीत वीरेश्वर मंदिरात शिरणार असल्याची अफवा आणि परिषदेच्या लोकांवर झालेला हल्ला. दहावीत तळ्याचे 'शुद्धीकरण', एकशे आठ घागरींनी. अकरावीत ३ एप्रिल १९२७ ला निघालेले 'बहिष्कृत भारत'. बारावीत ४ ऑगस्ट १९२७, नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला तो दिवस. तेरावीत डिसेंबरमधला सवर्णांचा दावा आणि न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम. चौदावीत फत्तेखान, ज्यांनी परिषदेसाठी जागा दिली. पंधरावीत २५ डिसेंबर, मनुस्मृतीदहन, आणि तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे. सोळावीत स्त्रियांची सभा. सतरावीत तो अवघड निर्णय : माणसे तयार, तळे समोर, आणि मनाई हुकूम असल्यामुळे सत्याग्रह तहकूब.

अठरावी स्लाइड पुन्हा काळी. चौथीसारखीच, पण इथे तीन नाही तर जवळजवळ दहा वर्षे. एकोणिसावीत १७ मार्च १९३७, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. हा निकाल आपण मोघम सांगतो, म्हणून मजकूर तीनदा बदलला. न्यायालयाने समतेवर प्रवचन दिले नव्हते. सवर्ण वादींनी सांगितलेली अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही, म्हणून त्यांचे अपील फेटाळले. जिंकलो ते पुराव्याच्या मुद्द्यावर. आमच्यातली एक ताई म्हणाली, "हे सांगितलं तर विजय छोटा वाटेल." आम्हाला तसे वाटत नाही. 'परंपरा' म्हणून जे सांगितले जाते त्याचा पुरावा मागितला की ते टिकत नाही, ही गोष्ट तरुणांना जयघोषापेक्षा जास्त उपयोगी आहे.

पहिल्या तालमीत आमची फजिती झाली. तोंड नवव्या स्लाइडवर आणि पडद्यावर बारावी! मागे पडलेला वक्ता घाईने बोलून वेळ भरून काढू पाहतो आणि आणखी अडखळतो. त्यावर दोन उपाय केले. एक, प्रत्येक स्लाइडचे पहिले वाक्य स्वतंत्र उभे राहील असे लिहिले, 'म्हणून' किंवा 'त्यानंतर' ने सुरुवात नाही. दोन, प्रत्येक मजकुरातले शेवटचे वाक्य असे ठेवले की ते गाळले तरी अर्थ तुटत नाही. स्लाइड बदलली की हातातले वाक्य सोडायचे आणि नव्याने सुरू करायचे. श्रोत्याला कळतही नाही.

दुसरी फजिती आपल्याच लोकांची. पंधराव्या स्लाइडला तालीम बघायला आलेल्या पोरांनी घोषणा दिली, आणि सहा सेकंद गेले. प्रत्यक्ष सभेत जास्त जातील. म्हणून त्या स्लाइडला पंचवीसच शब्द ठेवले. घोषणेची जागा आधीच राखून ठेवली, एवढेच.

यंत्राच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. पॉवरपॉइंटमध्ये सगळ्या स्लाइड निवडून `Transitions` मध्ये `After` समोर `00:20.00` भरायचे, `On Mouse Click` ची खूण काढायची, आणि कोणताही इफेक्ट ठेवायचा नाही. स्लाइडवर मजकूर नको, फार तर एक साल. लोक एका वेळी वाचतात किंवा ऐकतात, दोन्ही नाही. आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले काही असेल तर ते चित्र करून टाका, नाहीतर सभागृहातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की अक्षरांचा कचरा दिसतो.

राहिली विसावी स्लाइड. दोघांना तिथे बाबासाहेबांचा फोटो आणि 'जयभीम' हवे होते. शेवटी फोटो पहिल्या आराखड्याच्या चिठ्ठीतच राहिला, कारण तो सभागृहाच्या मंचावर असणारच आहे. विसाव्या स्लाइडवर एका साध्या हातपंपाचे चित्र आहे. तिथे चौतीस शब्द नाहीत, एकच प्रश्न आहे, आणि उरलेल्या सेकंदांत आम्ही बोलणार नाही :

'तुमच्या गावात ठराव कोणत्या साली झाला, आणि पाणी कोणत्या साली मिळाले?'

काका हे वाचून बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "आमच्या गावाचं साल मला विचारून घ्यावं लागेल." त्यांना आम्ही पहिल्या रांगेत बसवणार आहोत.

जयभीम.