गिऱ्हाईक मालाचे नाव विसरते तेव्हा

शिरोळ तालुक्यातील एका गावात चाळीस वर्षे किराणा दुकान चालविलेले एक गृहस्थ दुकान मुलाच्या स्वाधीन करून गावच्या डिजिटल मदतकक्षात बसू लागले. संगणकाचे काम दोन तरुण स्वयंसेवक पाहत आणि हे नोंदवही सांभाळत. त्या वहीत त्यांना एका आजीबाईंचे नाव पंधरा दिवसांत दोनदा आढळले. दोन्ही वेळा पुढे एकच शेरा होता : ‘फोन दुरुस्त केला.’

आजीबाई तिसऱ्यांदा आल्या, तेव्हाही त्यांचे मागणे तेच होते : “फोन बिघडलाय, तेवढा बघा.” पहिल्या वेळी तरुणाने फोनमध्ये साठलेली छायाचित्रे काढून टाकली होती. दुसऱ्या वेळी रिचार्ज करून दिला होता. आता फोनमध्ये काहीच दोष सापडेना आणि आजीबाईंचे समाधान होईना.

गृहस्थांना हा प्रसंग ओळखीचा वाटला. “मागच्या सणाला नेलं होतं ते द्या,” असे म्हणणारे गिऱ्हाईक दुकानात नेहमीच येते. त्याला मालाचे नाव विचारून उपयोग नसतो. तेच तर ते विसरलेले असते. त्यातून काय केले होते, पुडीत नेले होते की डब्यात, असे विचारत गेले की माल सापडतो. त्यांनी आजीबाईंना खुर्ची दिली आणि विचारले, “फोन चांगला होता, तेव्हा काय व्हायचं?” उत्तर लगेच आले : “पैसे आल्याचा मेसेज यायचा. नात वाचून दाखवायची.”

आजीबाईंच्या नावे थोडी शेतजमीन होती. पीएम-किसान योजनेचे २००० रुपये दर चार महिन्यांनी त्यांच्या खात्यात येत. पासबुकात मागील हप्त्यांच्या नोंदी होत्या. शेवटच्या हप्त्याची मात्र नव्हती. एका व्यक्तीची अनेक बँक खाती असू शकतात; पण आधारवर आधारलेले अनुदान त्यांपैकी एकाच खात्यात जाते. ज्या बँकेने अनुदानासाठी आधार सर्वांत शेवटी जोडले, तेथे ते वळते. त्यांचा मोबाइल आधारला जोडलेला असल्याने तरुणाने myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर त्यांच्या संमतीने ‘Bank Seeding Status’ पाहिले. तेथे दुसऱ्याच बँकेचे नाव आले. काही महिन्यांपूर्वी गल्लीत आलेल्या बँक प्रतिनिधीकडे अंगठा देऊन खाते उघडल्याचे आजीबाईंना तेव्हा आठवले. त्या खात्याला संदेशासाठी क्रमांकच दिलेला नव्हता. पैसे तेथे सुखरूप होते. संदेश तेवढा थांबला होता.

पुढचे काम मदतकक्षाच्या हातात नव्हते. पुढील हप्ते जुन्याच खात्यात हवे असतील, तर त्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा संमतीपत्र अर्ज द्यावा लागतो. आधी जमा झालेली रक्कम मात्र नव्या खात्यातूनच काढावी लागते. आजीबाईंनी जुनी बँक निवडली. गृहस्थांनी दोन्ही कामे कागदावर वेगवेगळी लिहून दिली.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंसेवकांसाठी एका पानाचे टिपण तयार केले. त्यात लिहिले : ‘“काय काम आहे?” असे विचारू नये. आधी काय होत असे आणि ते केव्हापासून थांबले, हे विचारावे. सोबत आलेले माणूस उत्तर देऊ लागले, तर त्याचे ऐकून घ्यावे. पण प्रश्न पुन्हा ज्याचे काम आहे त्यालाच करावा. आपल्याला समजले ते त्याला सांगावे आणि “होय” म्हटल्याशिवाय कळ दाबू नये.’

पिशवीविषयी त्यांनी स्वतंत्र परिच्छेद लिहिला. न बोलता पिशवीच पुढे करणारी माणसे पुष्कळ असतात. तरीही आत हात घालू नये. कागद त्यांनाच काढू द्यावेत. न दिलेले न घेणे हे अचौर्य जसे तागडीला लागू, तसेच दुसऱ्याच्या पिशवीला आणि फोनला. ओटीपी कशासाठी आला हे आधी सांगावे. तो मोठ्याने उच्चारू नये, वहीत टिपू नये. अंक वाचता येत नसतील, तर फोन त्यांच्याच हातात ठेवून, त्यांच्यादेखत पाहून भरावा. मोबाइल आधारला जोडलेला नसेल, तर ओटीपी येणारच नाही. अशा वेळी बँकेचा किंवा आधार केंद्राचा रस्ता सांगावा, स्वतःचा क्रमांक घालून पाहू नये.

नोंदवहीतही त्यांनी एक बदल केला. ‘काम’ या एका रकान्याचे दोन रकाने आखले : ‘येताना काय म्हणाले’ आणि ‘शेवटी काय निघाले’. पहिल्याच ओळीत त्यांनी आजीबाईंची नोंद केली. एका रकान्यात लिहिले ‘फोन बिघडला’ आणि दुसऱ्यात ‘हप्ता दुसऱ्या खात्यात गेला’. नवा स्वयंसेवक आला की त्याच्या हाती टिपण देण्याआधी ते त्याला ही वही वाचायला देतात.