आरशाचा धक्का

कॅमेरा ट्रायपॉडवर बसविला की तो स्थिर झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तीन पाय जमिनीवर घट्ट रोवलेले आहेत, हात दूर आहेत. मग छायाचित्र हलेल कसे? परंतु या समजुतीत एक गोष्ट निसटते. कॅमेऱ्याला हलविणारी शक्ती नेहमी बाहेरूनच येते असे नाही. पुष्कळदा ती त्याच्या पोटातच दडलेली असते.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिराच्या पूर्वेकडील भिंतीवर निळ्या, पिवळ्या व हिरव्या कौलांच्या नक्षीचे पट्टे आहेत. त्या नक्षीत हंस आहेत, केळीची झाडे आहेत. शतकांच्या उन्हापावसात तिचे पुष्कळ तुकडे निखळून गेले. आज कोणता तुकडा जागेवर आहे आणि पुढील वर्षी तो तेथेच राहतो की नाही, हे ताडून पाहता यावे म्हणून मी खालच्या वस्तीतील एका गच्चीवरून या भिंतीची छायाचित्रे घेत असतो. भिंत पूर्वाभिमुख असल्यामुळे सायंकाळी तिच्यावर ऊन नसते. सर्वत्र सारखा, मऊ प्रकाश पसरलेला असतो आणि कौलांचे रंग चकाकीने झाकले जात नाहीत. पण हा प्रकाश मंद, म्हणून शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागते. आणि येथेच कंपनाचा प्रश्न उभा राहतो.

हे कंपन किती सूक्ष्म असते ते पाहू. माझी लेन्स २०० मिलिमीटरची आणि सेन्सरवरील प्रत्येक चित्रकण, म्हणजे पिक्सेल, सुमारे ४ मायक्रॉन रुंदीचा आहे. अर्धा किलोमीटर दूर असलेल्या भिंतीवरील १ सेंटिमीटर जागा अशा एका चित्रकणात मावते. कॅमेरा व लेन्स मिळून वीस सेंटिमीटर लांबीची वस्तू धरली, तर तिचे पुढील टोक केवळ ४ मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पंधराव्या-विसाव्या हिश्श्याने वर उचलले गेले, की प्रतिमा एक चित्रकण सरकते. तीन चित्रकण सरकली तर भिंतीवरील तीन सेंटिमीटरचा तपशील पुसटला जातो. हंसाची चोच शाबूत आहे की गळाली, हे मग सांगता येत नाही.

एवढी हालचाल घडविण्यास बोट पुरेसे आहे. शटरचे बटण दाबताना आपण कॅमेरा किंचित खाली ढकलतो. म्हणून रिमोट रिलीज वापरावयाचे, मग ते तारेचे असो वा बिनतारी. तारेचे असल्यास तार सैल सोडावी. ताणलेली तार बोटाइतकीच ओढ देते. कॅमेऱ्यातील दोन सेकंदांचा टायमरही बोटाचा धक्का टाळतो. परंतु वारा वाहत असेल तर रिलीजच बरे, कारण झुळूक थांबेपर्यंत वाट पाहून नेमका क्षण आपणच निवडू शकतो.

आता पोटातील शत्रूकडे वळू. डीएसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समागे पंचेचाळीस अंशांत एक लहान आरसा बसविलेला असतो. तो प्रकाश वर वळवून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचवितो. बटण दाबताच हा आरसा झटक्याने वर उडून थांबतो आणि लगेच शटर उघडते. आरशाच्या त्या आघाताने कॅमेरा व ट्रायपॉड तारेसारखे कंप पावतात, आणि नेमक्या त्याच वेळी चित्र उमटू लागलेले असते. चित्र संपल्यावर आरसा पुन्हा खाली पडतो, पण त्या धक्क्याने बिघडत काही नाही. तोवर शटर मिटलेले असते.

यावर उपाय म्हणजे मिरर लॉक-अप. चौकट आणि फोकस आधी पक्के करावयाचे, कारण आरसा वर गेल्यावर डोळ्यापुढे अंधार होतो. मग रिलीज एकदा दाबावयाचे. आरसा वर जाऊन तेथेच थांबतो. दोन-तीन सेकंद कंपन विरू द्यावयाचे आणि रिलीज दुसऱ्यांदा दाबावयाचे. आता फक्त शटर उघडते. आरसा वर असताना कॅमेरा सूर्याकडे मात्र रोखू नये. प्रखर ऊन सरळ शटरच्या पडद्यावर पडते.

पुष्कळांना वाटते की शटर जितका अधिक वेळ उघडे, तितका आरशाचा त्रास अधिक. वस्तुस्थिती तशी नाही. समजा, कंपन अर्धा सेकंद टिकते. सूर्यास्तानंतर लगेच, एफ ८ आणि आय-एस-ओ १०० वर, मला १/८ सेकंद लागतो. अशा वेळी चित्राचा सगळा काळ कंपनातच जातो. अंधार दाटल्यावर त्याच भिंतीला ८ सेकंद लागतात. त्यांपैकी साडेसात सेकंद कॅमेरा शांत असतो, आणि कंपनाचा वाटा अवघा सोळावा. उलट, भर उन्हात १/५०० सेकंद पुरतो. तेवढ्यात कंपनाचा हेलकावा फारसा पुढे सरकत नाही. म्हणून १/३० पासून १ सेकंदापर्यंतचा मधला टापूच खरा धोक्याचा. सायंकाळी भिंत उत्तम दिसते तीही नेमकी याच टापूत.

चित्र पुसट आले तर दोष कशाचा, हे चित्रच सांगते. प्रकाशाचे बारीक बिंदू गोल चकत्यांसारखे फुगले असतील तर फोकस चुकला. कॅमेरा आडवा असताना आरशाचा धक्का बहुधा वर-खाली असतो. त्यामुळे बिंदूंच्या लहान उभ्या रेघा होतात, भिंतीचे आडवे पट्टे पुसट होतात आणि उभ्या कडा स्वच्छ राहतात. भिंत रेखीव आणि फक्त झाडांची पाने पुसट असतील, तर दोष वाऱ्याचा; तेथे लॉक-अपचा काही उपयोग नाही. खात्री करावयाची असल्यास १/८ सेकंदावर चार चित्रे लॉक-अपशिवाय आणि चार लॉक-अपसह घ्यावीत, आणि पूर्ण मोठी करून शेजारी ठेवावीत.

दोन्ही संच सारखेच पुसट आले तर ट्रायपॉडकडे पाहावे. आधी वरचे जाड पाय उघडावेत, खालचे बारीक शेवटी. मधला दांडा शक्यतो वर काढूच नये. पट्टा लोंबकळत असेल तर तो वाऱ्याने फडफडून कॅमेरा हलवितो, म्हणून काढून ठेवावा. खाली वजनाची पिशवी टांगली तर ती झुलू देऊ नये. तिचा तळ जमिनीला टेकवावा. लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा असल्यास आणि ट्रायपॉडवर ती आपोआप थांबत नसल्यास बंद करावी, कारण नसलेले कंपन शोधण्याच्या नादात तीच प्रतिमा सरकवू शकते. गच्चीवर कोणी चालत असेल तर त्याची पावले थांबेपर्यंत थांबावे.

ज्या कॅमेऱ्यात लॉक-अपची सोयच नाही, त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. शटरचा काळ काही सेकंदांचा ठेवावा, लेन्सपुढे काळा पुठ्ठा तिला न टेकवता धरावा आणि शटर उघडावे. आरशाचा धक्का ओसरला की पुठ्ठा हळूच बाजूस करावा. कंपनाच्या वेळी लेन्सपुढे अंधार असतो. चित्र उमटते ते शांततेत. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत हा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र त्यांच्या यांत्रिक शटरचा पडदाही थोडा आघात करतोच, म्हणून पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवण्याची सोय असल्यास ती वापरावी.

मानमंदिराच्या भिंतीची माझी दोन सायंकाळची चित्रे मी शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा नक्षीतील एखादी फट नवी आहे की केवळ पुसटलेली रेघ, हा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो. आरसा वर चढवून दोन सेकंद थांबलेल्या चित्रात तेवढ्या प्रश्नाचे उत्तर मिळते.