कॅमेरा म्हणजे मूल : शाळेच्या पहिल्या दिवसाची एक नाटुकली



मोबाईलवर 'पीओव्ही' म्हणून जे छोटे व्हिडिओ येतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. त्यात समोरचा माणूस थेट आपल्याकडे पाहून बोलतो आणि पाहणारा स्वतःच त्या गोष्टीतलं एक पात्र होतो. 'तू आज शाळेत नवीन आहेस' या विषयावर असे व्हिडिओ भरपूर आहेत. बहुतेकांत बाई डोळे वटारतात, छडी आपटतात, आणि आपण मोठी माणसं आपली शाळा आठवून हसतो. पण तोच व्हिडिओ पहिलीत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला दाखवून पाहा. त्याला तो विनोद कळत नाही. उद्या आपल्याला हेच होणार, एवढंच त्याला कळतं.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही दोघी शिक्षिकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात अशीच एक नाटुकली केली. मोबाईल एकच, लांबी तीन मिनिटं, आणि पाहणारा म्हणजे पहिलीत नव्याने येणारं मूल. ती पालकांच्या ग्रुपवर पाठवली. तुम्हालाही करायची असेल तर तीन गोष्टींकडे नीट लक्ष द्या : कॅमेऱ्याची उंची, आपल्या मराठीतली क्रियापदं, आणि प्रश्नानंतरची शांतता.

आधी उंची. अंगणवाडीतून आमच्याकडे येणारी मुलं मोजली तेव्हा बरीचशी ११० सेंटिमीटरच्या आसपास भरली. डोळे त्याखाली दहा-एक सेंटिमीटर, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटर. तुम्ही उभ्या राहून मोबाईल दोन्ही हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना चिकटवा आणि मोबाईल पोटाशी, बेंबीच्या जरा वर आणा. झाली मुलाची उंची. गुडघे किंचित वाकवून हळू चाललं की चित्र फार हलत नाही. वर्गात मूल बस्करावर मांडी घालून बसलं की डोळे अर्ध्या मीटरवर येतात. तिथे पालथी बादली आणि त्यावर पुस्तकांचा गठ्ठा पुरतो.

या उंचीवरून शाळेच्या फाटकातून आत चाललात की काय दिसतं, ते एकदा स्वतः पाहाच. पायच पाय दिसतात. साड्यांच्या निऱ्या, पँटचे गुडघे, कुणाच्या तरी हातातली पिशवी. दाराची कडी डोक्याच्या वर. आणि बाई उभ्या राहून हातभर अंतरावरून बोलल्या तर त्यांचा चेहरा चौकटीत येतच नाही, फक्त पदर आणि घड्याळ. मोबाईल वर वळवला तर हनुवटी, नाकपुड्या आणि मागे फिरणारा पंखा. म्हणून नाटुकलीत बाईंनी गुडघ्यावर किंवा उकिडवं बसायचंच, त्याशिवाय पात्र म्हणून त्या दिसत नाहीत. (माझी सहकारी हे पाहून म्हणाली, "म्हणजे एरवी आपण पोरांना अशाच दिसतो की काय!")

बाईंनी मोबाईलच्या पडद्याकडे न पाहता भिंगाकडे पाहायचं. म्हणून मागचा कॅमेरा वापरा, स्वतःचा चेहरा दिसला की नजर तिकडेच जाते. आम्ही भिंगाशेजारी एक लाल टिकली चिकटवली होती. नजर टिकलीवर ठेवली की पाहणाऱ्याला वाटतं, बाई माझ्याकडेच बघताहेत. नजर दोन बोटं बाजूला गेली तरी फरक कळतो, बाई दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं.

आता क्रियापदं. हा आपला खास मराठी प्रश्न आहे. पाहणारं मूल मुलगा आहे की मुलगी, हे आपल्याला माहीत नाही. आणि मराठीत तर "आलास का?" म्हटलं की मुलगा झाला, "आलीस का?" म्हटलं की मुलगी. "कुठे बसतोस?", "घाबरलीस का?", "जेवलास का?" या प्रत्येक वाक्याबरोबर वर्गातली निम्मी मुलं व्हिडिओबाहेर जातात. 'अरे' आणि 'अगं'सुद्धा तसेच. दोन वेगळे व्हिडिओ करायची गरज नाही, वाक्यं बदलली की काम होतं. आज्ञार्थाला लिंग नाही : ये, बस, सांग. भविष्यकाळाला 'तू'बरोबर लिंग नाही : येशील, बसशील, सांगशील. 'तुला' घालून केलेली वाक्यंही सुटतात : तुला काय आवडतं? तुला कुठे बसायचंय? "जेवलास का?" अडतं, पण "काय खाल्लंस?" चालतं, कारण तिथे क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. हाक मारायला 'बाळ' आहेच. संवाद आधी कागदावर लिहून काढा आणि लिंग दाखवणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारा. तोंडी बोलताना 'अरे' कधी निसटतो ते कळत नाही.

तिसरी गोष्ट शांतता, आणि खरी गंमत इथेच आहे. 1947 चा 'लेडी इन द लेक' नावाचा एक इंग्रजी चित्रपट जवळजवळ सगळा नायकाच्या डोळ्यांतून चित्रित केला होता. नायक दिसतो तो मुख्यतः आरशात. पण तिथे नायक स्वतः बोलतो, आपण फक्त त्याच्या डोळ्यांत बसून राहतो. आपल्या नाटुकलीत मुलाच्या वाटचं कुणीही बोलायचं नाही. ती जागा रिकामी ठेवायची, घरी बसलेलं मूल ती भरतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात, यावर मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात काम केलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब होत, असं तिला दिसलं. नव्या मुलासाठी आम्ही पाच सेकंद ठेवले. मनात 'एक आंबा, दोन आंबे' असं पाचपर्यंत मोजायचं, चेहरा टिकलीकडे आणि हात स्थिर. मोबाईलसमोर हे पाच सेकंद फार लांब वाटतात. तरी कापू नका.

शांततेनंतरचं वाक्य असं हवं, की मूल काहीही बोललेलं असो, अगदी गप्प राहिलेलं असो, ते बसलं पाहिजे. "अरे वा, किती छान नाव!" हे गप्प बसलेल्या मुलाला खोटं वाटतं. "मलाही आंबा आवडतो" म्हणालात आणि त्याने 'भजी' सांगितलं असेल, तर खेळ तिथेच मोडला. आमचा वर्गाच्या दारातला प्रसंग असा होता :

(बाई उंबऱ्याशी उकिडव्या बसतात.)
"ये बाळ. आज पहिला दिवस ना तुझा?" (तीन सेकंद)
"तुझं नाव मला सांगशील?" (पाच सेकंद)
"हं. आत्ता नको वाटलं तर नंतर सांग, चालेल."
"कुठे बसायचंय तुला? खिडकीपाशी, की माझ्याजवळ?" (कॅमेरा सावकाश खिडकीकडे, मग बाईंकडे, पाच सेकंद)
"बरं. चल, दप्तर ठेवू या."
(दुसरीतला एक मुलगा बस्करावर सरकून जागा करतो. "इथं बस. खडू पायजे का?")

"घाबरू नकोस" हे वाक्य आम्ही मुद्दाम घेतलं नाही. ज्याला भीती वाटत नव्हती त्यालाही ते ऐकून वाटतं, की इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

पुढचे प्रसंग छोटे आहेत. त्यातले दोन मात्र गाळू नका. एक शौचालयाचा. ते कुठे आहे, कडी कशी लागते, आणि "बाई, शू लागली" असं वर्ग चालू असतानाही म्हणता येतं. दुसरीतल्या मुलीने उठून ते म्हणून दाखवलं, बाईंनी मान हलवली, बस. कित्येक मुलं पहिल्या दिवशी विचारायचं कसं म्हणून कळ काढत बसतात. दुसरा प्रसंग घरी जाण्याचा. आई किती वाजता येईल, हे सहा वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नाही, त्याला घड्याळ येत नाही. म्हणून क्रम दाखवला : खिचडी खायची, नळावर हात धुवायचे, ताट ठेवायचं, घंटा होते, फाटकापाशी आई.

एक पथ्य पाळा. प्रवेशोत्सवाचे फुगे, रांगोळी, गुलाबाची फुलं यात दाखवू नका. ती एका दिवसाची असतात, आणि दुसऱ्या दिवशी मूल फुगे शोधतं. रोज जे असतं तेच दाखवा, तुटकी फरशी असली तर तीही. ज्या मुलांचे चेहरे दिसतात त्यांच्या पालकांची संमती आधी घ्या आणि व्हिडिओ ग्रुपबाहेर पाठवू नका, असं स्पष्ट लिहा.

पालकहो, तुमच्याकडे एकच काम. मोबाईल मुलाच्या हातात द्या आणि गप्प बसा. बाईंनी नाव विचारलं की मागून "सांग ना, सांग की नाव!" अशी घाई होते, आणि मूल पडद्याकडे न पाहता तुमच्याकडे पाहू लागतं. नाटुकली लागू पडली की नाही हे ओळखायचं असेल तर त्या पाच सेकंदांत मुलाचे ओठ पाहा. पुटपुटलं, मान हलवली, लाजून मोबाईल पालथा केला, तरी ते खेळात आहे. नुसतं टक लावून पाहत राहिलं, तर दोन दिवसांनी पुन्हा दाखवा.

आमच्याकडे एका मुलीच्या घरी गोरमाटी बोलतात. तिच्या आईने मला आवाजी मेसेज पाठवला. "तुला काय आवडतं?" या माझ्या प्रश्नावर मुलीने तिच्या भाषेत लांबलचक उत्तर दिलं होतं, मागे कोंबड्यांचा आवाज. पडद्यावरच्या बाई तिला मराठीत बोल म्हणाल्या नाहीत, "असं होय" म्हणाल्या, आणि ती पुढे बोलत राहिली. मला त्यातला एकच शब्द कळला, शेळी. बाकीचं तिच्या आईकडून समजून घेतलं : शेळीला दोन पिल्लं झाली होती, त्यातलं एक काळं होतं.

या व्हिडिओने रडणं थांबत नाही, हेही सांगून ठेवते. त्या वर्षीही तीन मुलं फाटकापाशी रडली, त्यातल्या दोघांनी घरी व्हिडिओ बऱ्याचदा पाहिला होता. आईचा हात सुटणं व्हिडिओत येतच नाही. पण त्यांतला एक जण रडत रडतच वर्गात आला, मी उंबऱ्याशी बसले होते, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "खिडकीपाशी." तिथे आधीच दोघे बसले होते. दुसरीतला तो मुलगा सरकला.

ती गोरमाटी बोलणारी मुलगी अकरा वाजता आली. तिला मी काळ्या पिल्लाचं विचारलं.