ऐकून घेणे

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला शब्द उलटेपालटे करून पाहण्याची एक खोड लागते. ‘ऐकणे’ या साध्या क्रियापदाचेच पाहा. ‘आमचा मुलगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे कान अधू आहेत असे आपल्याला सांगायचे नसते. तो आपली आज्ञा पाळत नाही, एवढीच आपली तक्रार असते. ‘ऐकवणे’ म्हणजे टोमणा मारणे आणि ‘ऐकून घेणे’ म्हणजे बहुधा मुकाट्याने बोलणी खाणे. एकूण आपल्या घरांत ऐकण्याचे काम धाकट्यांकडे असते. थोरल्याने धाकट्याचे ऐकले, तर ‘लाडावून ठेवला’ असा शेरा बसतो! मात्र सतरा वर्षांचे एखादे मूल मन मोडून कोपऱ्यात बसते, तेव्हा ऐकण्याचे काम थोरल्यांकडे येते. आणि त्याची आपल्याला सवय नसते.

आमच्या काकांचे गाव गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीच्या बाजूला आहे. त्यांचा धाकटा मुलगा अकरावी-बारावीला चंद्रपूरला आमच्याच घरी होता. मार्चमध्ये परीक्षा आटोपून तो गावी गेला आणि आठच दिवसांत काकूंचा फोन आला. “पोरगा जेवत नाही, रात्रभर जागा असतो. एका मुलीचं काहीतरी आहे म्हणतात. तू येऊन जा.” मला सुट्टी होतीच. सकाळची एस्टी धरून मी दुपारपर्यंत गावात पोचलो.

मी पोचलो तोवर घरातल्या प्रत्येकाने आपापले औषध देऊन पाहिले होते. आत्याने मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या. काकांनी, “हे वय अभ्यासाचं आहे, पुढच्या परीक्षेचं बघ,” असे बजावले होते. शेजारच्या भाऊजींनी पाठीवर थाप मारून, “अशा छप्पन्न मिळतील,” असा दिलासा दिला होता. एका चुलतभावाने तर ती मुलगी मुळात कशी वाईट होती, याचा पाढाच वाचला होता. सगळी मायेची माणसे, सगळ्यांचा हेतू चांगला. पण मुलाच्या कानांनी ही वाक्ये ऐकली, तर त्यांचा अर्थ काय होतो? पहिले म्हणते, तुझे दुःख वेळेचा अपव्यय आहे. दुसरे म्हणते, ते लहान आहे. छप्पन्न मिळतीलही, पण त्याला हवी होती एकच. तिसरे म्हणते, तू मूर्ख आहेस. आणि ज्या मुलीसाठी त्याचा जीव तुटतो, तिची निंदा केली, की तिची बाजू घेऊन भांडणे त्याला भाग पडते. मग तो भांडतो तरी किंवा गप्प तरी बसतो. आमचा धाकटा गप्प बसला.

उत्तर द्यायची एवढी घाई आपल्याला का होते? मला वाटते, रडणारे मूल पाहून आपल्यालाच चैन पडत नाही. उपाय सांगितला, की आपले कर्तव्य संपते. पुष्कळदा ते औषध रोग्याऐवजी वैद्यच पिऊन बसतो!

ते दिवस मोहफुलांचे होते. झाडीपट्टीत मार्च-एप्रिलमध्ये मोह गळू लागतो. रात्री उशिरापासून सकाळी ऊन वर येईपर्यंत ती मांसल, पिवळसर पांढरी फुले टपटपत राहतात आणि घरेच्या घरे टोपल्या घेऊन अंधारात रानात जातात. मोह फांदीवरून खुडत नाहीत. तो आपण होऊन पडेल तेव्हा वेचायचा. काकूंबरोबर मीही निघालो आणि धाकट्याला म्हटले, “चल, टोपली धरायला तरी ये.” तो आला.

या कामात एक मोठी सोय असते. दोघे शेजारी शेजारी असतात, नजरा जमिनीवर असतात, हात गुंतलेले असतात. समोर बसवून ‘बोल, काय झाले?’ असे विचारले, की त्या वयाचे मूल पोलिसांपुढे बसल्यासारखे आक्रसते. बाजूला बाजू लावून काम करताना जीभ मोकळी होते, कारण गप्प राहिले तरी काही बिघडत नाही. पहिल्या सकाळी तो सायकलच्या साखळीविषयी बोलला. मी साखळीविषयीच ऐकले. त्याने दाराला हात लावला होता; दार उघडायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे होते.

दुसऱ्या दिवशी काकू पुढच्या झाडाखाली गेल्या आणि मान वर न करता तो म्हणाला, “दादा, तिनं मले ब्लॉक केलं.”

कार्ल रॉजर्स नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९५७ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ऐकण्याच्या कलेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यांची एक कसोटी मी वर्गातल्या वादविवादांतही वापरतो. आपले म्हणणे मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत असे सांगून दाखवायचे, की तो ‘हो, हेच’ म्हणाला पाहिजे. ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते. करताना घाम फुटतो.

मी म्हटले, “म्हणजे आता तुझं बोलणं तिच्यापर्यंत पोचतच नाही.”

“हो.” मग बराच वेळ फुले पडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. अशी शांतता फार अवघड असते. आपल्याला वाटते, आता काहीतरी बोललेच पाहिजे. पण बोलणारा बहुधा त्याच वेळी आत पुढचे वाक्य जुळवीत असतो. आपण मध्ये बोललो, की ते वाक्य कायमचे राहून जाते. मी टोपलीत फुले टाकीत राहिलो.

“तिनं नाही म्हटलं, त्याचं नाही एवढं,” तो म्हणाला. “माझे मेसेज तिच्या मैत्रिणींनी वाचले. तिथून वर्गात गेले. शेवटच्या पेपरच्या दिवशी गेटवर पोरं त्यातली वाक्यं म्हणून दाखवत होती.”

घरातली सारी औषधे का लागू पडली नव्हती, ते मला तिथे कळले. सगळे वियोगावर इलाज करीत होते आणि जखम अपमानाची होती. छप्पन्न मुली आणून त्या फाटकावरचे हसणे पुसले जाणार नव्हते. त्यातून, पुढच्या कॉलेजातही तीच मुले असतील ही धास्ती होती. न ऐकता हे कोणाला कळणार?

मी ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळीत होतो. ‘तू असले लिहिलेस का?’ हा प्रश्न नसतो, आरोप असतो. ‘मग काय झालं?’ आणि ‘त्या वेळी तुला कसं वाटलं?’ एवढे दोन प्रश्न पुष्कळ पुरतात. माझ्या तरुणपणीची एक हकीकतही ओठांवर आली होती. ती मी तिथेच ठेवली. दुःखात असलेल्या माणसाला आपली गोष्ट सांगितली, की ऐकण्याचे काम पुन्हा त्याच्याकडेच जाते.

ऐकणे म्हणजे मात्र माना डोलावणे नव्हे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, तिच्या घरासमोर जाऊन उभा राहतो, एकदा तरी विचारतो. मी सगळे ऐकून घेतले आणि मग सांगितले, “तुला उत्तर हवं आहे, हे कळलं मला. पण तिनं नाही म्हटलंय. तिच्या दारात जायचं नाही.” तो चिडला, पण उठून गेला नाही. आधी त्याचे ऐकले होते, म्हणून तो एक नकार त्याला सोसवला.

त्याच सकाळी, टोपली उचलताना, तो अगदी हळू म्हणाला, “कधी कधी वाटते, सकाळी उठूच नाही.”

अशा वेळी ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून विषय बंद करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत धोक्याचे. मी टोपली खाली ठेवली आणि सरळ विचारले, “जीव द्यावासा वाटतो का तुला?” असे विचारल्याने नसता विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. उलट, कोणीतरी स्पष्ट विचारले याने बोलणाऱ्याचे ओझे उतरते. तो म्हणाला, तसे काही ठरवले नाही, पण दोन-तीन रात्री मनात आले होते. मी पुढचेही विचारले. कसे, केव्हा, काही हाताशी ठेवले आहे का? नव्हते. मग मी म्हटले, “तू सांगितलंस, बरं केलंस. पण एवढी एक गोष्ट मी माझ्यापाशी ठेवणार नाही. काकांना आपण दोघं मिळून सांगू.” बाकीचे सारे गुपित राहील, असे मी सांगितले आणि ते राहिले. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन ऐकणाऱ्याने कधी देऊ नये. ते मोडण्याची वेळ नेमकी अशीच येते.

काका ऐकून मटकन खाली बसले. पण त्यांनी त्या दिवशी एकही उपदेश केला नाही. धानावरच्या फवारणीची औषधे ओसरीच्या कोपऱ्यात असत. ती त्यांनी उचलून गोदामात कुलपाआड ठेवली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. काही रात्री ते मुलाजवळच झोपले. दुपारी आम्ही 14416 या क्रमांकावर फोन लावला. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीतून बोलता येते. तिथल्या समुपदेशकाशी तो एकटाच बोलला. पुढे चंद्रपूरला डॉक्टरांकडेही दोनदा जाऊन आला. मोह वेचता वेचता ऐकणारा भाऊ हा काही डॉक्टर नव्हे. झोप आणि भूक दोन आठवडे परतली नाही, मूल आपल्या आवडत्या वस्तू वाटू लागले, किंवा मरणाची भाषा आली, तर ती ऐकणाऱ्याची हद्द समजावी. मरणाची भाषा आली असेल, तर दोन आठवड्यांचीसुद्धा वाट पाहू नये.

सुट्टी संपली आणि मी परतलो. रोज रात्री तो फोन करी. कधी दोन मिनिटे, कधी तासभर. तीच हकीकत तो कितीदा सांगे! पण नीट कान दिला तर ती तीच नसे. आधी तिच्यात ‘सगळे हसले’ असे होते. मग ‘चारपाच जण हसले’ असे झाले. मे महिन्यात एके रात्री तो म्हणाला, “एक जण हसला नव्हता, दादा. त्यानं माझी बॅग उचलून दिली होती.” हकीकत पुन्हा पुन्हा सांगता सांगता माणूस ती अशी दुरुस्त करीत जातो. आपण तिसऱ्या खेपेलाच ‘हे सांगून झालंय’ म्हटले, तर तो बॅग उचलून देणारा मुलगा तिच्यात कधी येतच नाही.

जूनमध्ये त्याने पहिल्यांदा विचारले, “दादा, कुठं नाव टाकू? तीच पोरं असतील तर?” आता सल्ला मागितलेला होता, म्हणून मी दिला, आणि तोही दोन वाक्यांत. त्याने निम्मा घेतला. त्या बॅगवाल्या मित्राबरोबर चंद्रपुरातच त्याने बी. एस्सी.ला प्रवेश घेतला.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी त्याला घरी यायला फार उशीर झाला. हिने दोनदा जेवण गरम केले. नऊ वाजता सायकल लावून तो आत आला.

“कुठं होतास रे?”

“रामाळा तलावावर. मित्राच्या घरी काही झालं आहे.”

“मग काय सांगितलंस त्याला?”

“काही नाही,” चप्पल काढीत तो म्हणाला. “त्यालेच बोलायचं होतं.”