केस कापावेत, पण कुठपर्यंत?

सकाळी अंबरनाथहून मुंबईकडे येणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात ज्या भगिनी रोज उभ्याने प्रवास करतात, त्यांना हे दृश्य नवे नाही. कोणी दाताखाली आकडा धरून अंबाडा घालते आहे, कोणी मैत्रिणीकडे पाठ करून वेणी घालून घेते आहे, कोणाच्या ओल्या केसांनी शेजारणीचा खांदा भिजतो आहे. आम्ही चौघी त्याच डब्यातल्या. एक इस्पितळात आया, एक औषधांच्या पॅकिंगमध्ये, दोघी कचेरीत शिपाई. चौघींच्याही घरी शाळेत जाणारी पोरे, चौघींचेही केस लांब आणि चौघींनाही सकाळी वेळ नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही ठरवले की, केसांचा प्रश्न एकदा नीट बसून सोडवायचा.

प्रश्न आमच्यातल्या आयाताईंचा सर्वांत मोठा होता. त्यांचे केस दाट, किंचित लाटदार आणि कमरेच्या खाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तर कंगवा भरून केस येऊ लागले. धाकटी अकरा महिन्यांची, थोरला दुसरीत. पहाटे चारला उठून डबा, पाणी, पोरांचे आवरणे, आणि शेवटी स्वतःचे डोके. आम्ही एकदा घड्याळ लावून पाहिले. गुंता सोडवायला नऊ मिनिटे, वेणी घालायला पाच, ती वर गुंडाळून आकडे खोचायला दोन. एकूण सोळा मिनिटे. थोरल्याचा अभ्यास बघायला मात्र दहा मिनिटे मिळत नव्हती.

पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो असा, की केस एकदम आखूड करून टाकावेत, मानेपर्यंत. आम्हालाही तसेच वाटले होते. परंतु पॅकिंगमधल्या मैत्रिणीने तिच्या नणंदेचे उदाहरण दिले आणि आमचे डोळे उघडले. नणंदेने हनुवटीपर्यंत बॉबकट केला. तो दिसायला छान, पण झोपून उठले की एक बाजू चपटी आणि दुसरी उभी. रोज सकाळी पाणी लावून, कंगव्याने वळवून बसवावे लागे. सहा आठवड्यांत त्याचा आकार जाई आणि पुन्हा पार्लरचा खर्च. सर्वांत वाईट म्हणजे ते केस बांधता येत नसत. स्वयंपाक करताना, मशीनजवळ काम करताना ते तोंडावर येत. म्हणजे सर्वांत आखूड केस हे सर्वांत कमी कटकटीचे केस नव्हेत. ज्यांना सकाळी वेळ नाही, त्यांचे केस एका रबरबँडमध्ये पूर्ण मावले पाहिजेत. ही आमची पहिली अट.

दुसरी अट वाळण्याची. दाट केस कमरेपर्यंत असले तर रात्री आठला धुतलेले केस सकाळीही आतून ओले असतात. ओला केस फुगलेला व कमजोर असतो. तो ताणून वेणीत आवळला की तुटतो, आणि दिवसभर बांधलेल्या ओल्या केसांना कुबट वासही येतो. म्हणून रात्री धुतलेले केस झोपण्यापूर्वी पंख्याखाली वाळले पाहिजेत. तसे झाले तर सकाळी पाण्याचा संबंधच उरत नाही.

या दोन अटी धरून आम्ही लांबी ठरवली. मानेच्या खळग्यापासून, म्हणजे जिथे पाठीमागे केसांची रेघ संपते तिथपासून, पाठीवर खाली टेप धरला. ताईंचे केस 28 इंच भरले. बारा इंचांवर बोट ठेवले तर ते खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकाजवळ आले. एवढ्या केसांची वेणी होते, रबरबँड बसतो, आणि एका पिळात छोटा अंबाडाही होतो. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची ठरली. कारण ताईंच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘बाईचे केस म्हणजे बाईची शोभा. रविवारी विहारात काय बोडकी जाणार आहेस?’’ ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी केस दुमडून, बारा इंचांवर धरून त्यांच्यासमोरच अंबाडा घालून दाखवला. सासूबाईंनी तो मागून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘गजरा बसेल.’’ परवानगी तीच समजायची.

आता कट कोणता? पार्लरमध्ये गेले की भिंतीवरचे फोटो दाखवतात. स्टेपकट, लेयर, कपाळावर फ्रिंज. हे सर्व दिसायला सुंदर, पण आमच्या कामाचे नाही. फ्रिंज दर तीनचार आठवड्यांनी डोळ्यांत येते. स्टेपकटमधले वरचे आखूड केस वेणीतून बाहेर निघतात, मग दहा पिना लावा. म्हणून आम्ही सांगायचे वाक्य आधीच ठरवून नेले: ‘‘सगळे केस एका लांबीचे, खाली सरळ किंवा अगदी हलका यू, पुढे बटा नको, आणि सर्वांत आखूड केससुद्धा मागच्या रबरबँडपर्यंत पोचला पाहिजे.’’ एवढे एक वाक्य स्पष्ट सांगितले की निम्मे काम झाले.

दाट केस पाहून पार्लरवाली एक गोष्ट हमखास विचारते, ‘‘थिनिंग करू का?’’ ही दातेरी कात्री. ती मधले मधले केस कापून भार हलका करते. पण मुळांजवळ चालवली तर दोनतीन आठवड्यांत ते आखूड केस वाढून बाकीच्या केसांतून काट्यांसारखे वर येतात. फार दाट केसांत हवेच असेल तर शेवटच्या चारपाच इंचांतच चालवू द्यावी. ताईंनी नको म्हटले, कारण 16 इंच गेल्यावर भार आपोआपच जाणार होता.

एवढे 16 इंच केस केरात टाकायचे का, हाही विचार झाला. कर्करोगाच्या रुग्णांसाठी केसांचे टोप करणाऱ्या काही संस्था दान म्हणून केस घेतात. त्यांना साधारण 12 इंच किंवा त्याहून लांब, कोरडे, बांधलेले केस लागतात. म्हणून ताईंनी आदल्या रात्री केस धुऊन पूर्ण वाळवले, तेल लावले नाही. पार्लरमध्ये केसांचे चार भाग केले, दोन मागे आणि दोन पुढे. जिथे उगवतात तिथून सरळ खाली सोडून, चारही भागांना एकाच उंचीवर, मानेपासून 14 इंचांवर रबरबँड लावले आणि रबरबँडच्या खालून कापले नाही, तर वरून कापले. त्यामुळे केस बांधलेलेच हातात आले, सुटले नाहीत. मग उरलेले केस विंचरून दोन इंच समान केले. ते दोन इंच हातचे राखलेले असतात. घाईने पहिल्याच कात्रीत बारावर आलो तर समान करण्यात आणखी दोन इंच जातात.

घरी बहिणीकडून कापून घेणाऱ्या भगिनींना एक सावधगिरी सांगतो. मानेवर एक घट्ट शेपटी बांधून ती एका फटक्यात कापू नका. पुढचे केस मागे यायला जास्त अंतर चालतात. सोडल्यावर ते पुढे लांब आणि मागचे आखूड असे दिसतात. डोक्यावर उंच शेपटी बांधून कापली तर उलट होते, वरचे केस आखूड राहतात व आपोआप लेयर पडतात. चार भाग मोकळे सोडूनच कापावे.

लाटदार केसांचे आणखी एक आहे. ओले असताना ते ताणले जाऊन लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात. ताईंचे केस एखादा इंच वर येतात, कुरळे केस त्याहून जास्त. त्यामुळे ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी कोरडेच कापून घ्यावेत, किंवा ओले कापताना दोन इंच जास्त ठेवावेत.

खुर्चीवरून उठण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. कानामागची एकएक बट दोन्ही बाजूंनी पुढे घेऊन हनुवटीखाली जुळवावी, टोके समान आली पाहिजेत. मग मानेवर रबरबँड लावून मान खाली घालावी आणि डोके हलवावे, बट तोंडावर येता कामा नये. शेवटी कामावर जसे बांधतो तसे बांधून पाहावे. ताईंना कॉलरच्या वर केस लागतात, म्हणून त्यांनी अंबाडा घालून पाहिला. काही राहिले असेल तर ते तिथेच सांगावे. घरी आल्यावर सांगून उपयोग नसतो.

एक गैरसमज मात्र काढून टाकावा. केस कापल्याने गळती थांबत नाही आणि केस दाटही होत नाहीत. केस मुळातून वाढतो, टोकाला काय झाले ते मुळाला कळत नाही. आखूड केस गळाले तर कंगव्यात गोळा लहान दिसतो, इतकेच. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होणारी गळती बहुधा वर्षभरात आपोआप कमी होते. ताईंचीही झाली. कपाळाशी नवे आखूड केस उभे राहू लागले, ते थेंबभर तेलाच्या हाताने बसतात. वर्ष उलटूनही गळती तशीच राहिली, किंवा जागोजागी टक्कल दिसू लागले, तर पार्लरमध्ये नव्हे, दवाखान्यात जावे.

आता हिशेब. ताई बुधवारी आणि शनिवारी रात्री आठला केस धुतात, साडेदहापर्यंत वाळतात. झोपताना सैल वेणी घालतात, त्यामुळे सकाळी गुंता नसतो. विंचरायला दोन मिनिटे, अंबाड्याला दोन, एकूण चार. सोळातून चार गेले, बारा मिनिटे उरली. आठवड्याचे सहा दिवस कामाचे, म्हणजे 72 मिनिटे. त्यातली दहा मिनिटे रोज थोरल्याच्या पाढ्यांना मिळतात. तो आता सतरापर्यंत आला आहे.

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. बाराचे चार महिन्यांत चौदा होतात, तेवढ्यात दोन इंच सरळ कापून घ्यायचे. वर्षातून तीन वेळा पुरते. सरळ कट असल्यामुळे महिनाभर उशीर झाला तरी आकार बिघडत नाही. आमच्यातल्या आणखी दोघींनी हाच कट केला आहे. चौथीने अजून केला नाही. तिचे केस विरळ आहेत, पाच मिनिटांत आवरतात आणि तिला लांबच आवडतात. तिने का कापावेत?